जलधर – पाहा भूजलधारक

आमच्या ऑफिसात अक्कल वापरायची परवानगी एकाच माणसाला आहे, आणि तो ती वापरत नाही. त्याचं नाव सुमंत सर. दारावर पाटी आहे, ‘मुख्य संपादक’. ऑफिस धंतोलीत, हाडांच्या दवाखान्याच्या वर. दिवसातून चार पेशंट तरी जिना चुकून आमच्याकडे येतात आणि एक्सरे कुठं काढतात म्हणून विचारतात. सुमंत सर त्यांनाही पहिल्यांदा विचारतात, “कुठल्या शाळेकडून आलात?”

मी अंकुश. मी पानं लावतो. म्हणजे प्राध्यापक लोकांनी पाठवलेला मजकूर, चित्रं, नकाशे हे सगळं कॉम्प्युटरवर पुस्तकाच्या पानात बसवतो. सोळा वर्षं झाली. मी काही फार मोठा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी ज्यांना शिव्या घालणार आहे त्यांच्यात शेवटी मीही आहे.

खरं सांगायचं आहे ते प्रेमिलाताईंबद्दल. प्रेमिला रामटेके. वय एकोणसाठ, राहणार इंदोरा. मेट्रोनं काँग्रेसनगरला उतरायचं, तिथून चालत यायचं, डोक्याला ओढणी गुंडाळून, एप्रिलच्या उन्हात. आल्या आल्या पाणी प्यायच्या, पिशवीतून बुटांचा एक खोका काढायचा आणि माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायचं. खोक्यात कार्डं. एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी एकवीस वर्षं काढली. मग शाळेनं ग्रंथालय बंद करून तिथं झुंबा क्लास सुरू केला, तेव्हा पुस्तकं रद्दीत गेली आणि पुस्तकांच्या नोंदींची कार्डं ताईंनी घरी आणली. त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या ना! या बाईनं त्या पाठी वापरून अकरा वर्षं आमची इज्जत राखली, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या मालकांनी पोरांच्या दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून एक टूम काढली, एक धडा म्हणजे एक पुस्तिका. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी दोन याद्या असतात. एक शब्दार्थाची, म्हणजे धड्यात आलेले अवघड शब्द आणि त्यांच्या व्याख्या. दुसरी सूची, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते. दोन्ही याद्या अआइईच्या क्रमानं. या याद्या लेखक वाचत नाहीत, संपादक वाचत नाहीत, शाळेचे मुख्याध्यापक तर मुखपृष्ठ सोडून काहीच वाचत नाहीत. वाचतात फक्त प्रेमिलाताई, आणि एखादं अडलेलं पोरगं.

पहिल्या वर्षी मी त्यांना हसायचो, खोटं कशाला बोलू. एका शब्दाला एक कार्ड. कार्डावर वर शब्द, खाली यादीतली व्याख्या, त्याखाली तो शब्द धड्यात जिथं जिथं आला ती पानं. मग सगळी कार्डं टेबलावर मांडून क्रम तपासायचा. मी म्हणालो, “ताई, कॉम्प्युटर हे एका बटणात करते.”

“हौ,” त्या म्हणाल्या, “करते. बरोबर करते का ते पाहून राहिली मी.”

आणि कॉम्प्युटर बरोबर करत नव्हता! आमच्या सगळ्या पुस्तिकांत ‘क्ष’ शेवटी येतो, पोरांना वर्णमालेत शिकवतात तसा, ह, ळ, क्ष, ज्ञ. कॉम्प्युटर ‘क्ष’ला ‘क’च्या पोटात घालतो, ‘ख’च्या आधी. पोरगं ‘क्षारता’ शोधायला शेवटच्या ओळीपर्यंत जाणार, नाही सापडणार, पुस्तिका मिटवणार. मी तेव्हा पाच वर्षं बटण दाबून राहिलो होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

व्याख्या तपासायची त्यांची रीत तर ऐकण्यासारखी आहे. धड्यातलं वाक्य घ्यायचं, त्यातला शब्द काढायचा, त्याच्या जागी यादीतली व्याख्या ठेवायची आणि मोठ्यानं वाचायचं. वाक्य उभं राहिलं तर व्याख्या बरोबर. कोसळलं तर गडबड. त्या अशा मोठ्यानं वाचायला लागल्या की सुमंत सर केबिनचं दार लावून घ्यायचे. शहाण्या माणसाला आवाजाचा त्रास होतो म्हणे.

तर एवढं काम करणाऱ्या बाईचं नाव पुस्तिकेत कुठं असेल? कुठंच नाही. पहिल्या पानाच्या मागे श्रेयांची यादी असते. संपादक, सुमंत सर. लेखक, दोन प्राध्यापक. मांडणी, अंकुश, म्हणजे मी. मुखपृष्ठ अमुक. आणि ‘विशेष आभार’ म्हणून सरांचे साळे, ज्यांनी आपल्या शेतातल्या विहिरीचा फोटो मोबाइलवर काढून पाठवला होता, तोही तिरपा. साळ्याचं नाव छापून येतं. प्रेमिलाताईंचं नाही. त्यांनीही अकरा वर्षं मागितलं नाही.

यंदा मागितलं. त्यांची नात दीक्षा सातवीत आहे, आणि तिच्या शाळेत आमच्याच पुस्तिका लागतात. तिनं वर्गात सांगितलं, या पुस्तिका माझी आजी तपासते. पोरींनी आतलं पान उघडलं, बोट फिरवलं, नाव नाही. मग काय, वर्षभर पुरेल एवढं हसून घेतलं. फेकाडी म्हणून नाव पडलं पोरीचं. दीक्षानं घरी येऊन विचारलं, “आजी, तू खरंच तिथं काम करतं का वं?”

हे ताईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. त्यांचे वडील छप्पन साली दीक्षाभूमीवर होते. गिरणीत कामाला, बिनशिकलेले. धम्म घेतल्यावर त्या माणसानं तिशीत अक्षरं गिरवली आणि पुढं घरात येणारा पुडीचा प्रत्येक कागद पोरीकडून वाचून घेतला, किराण्याचा असो की शेंगदाण्याचा. त्या घरातल्या पोरीला छापील अक्षराचं काय वाटत असेल ते सुमंत सरांना कळायचं नाही. त्यांच्या घरी पुस्तकं शोकेसमध्ये कपांच्या मागे आहेत.

ताई सरळ केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

“सर, या पुस्तिकेत माझं नाव टाका. शब्दार्थ आणि सूची तपासणी, प्रेमिला रामटेके. एवढंच.”

“अरे, टाकू ना! त्यात काय!” सर म्हणाले. मान वर न करता. अकरा वर्षं जे झालं नाही ते या माणसाला मान वर करण्याएवढं महत्त्वाचंही वाटलं नाही.

मी ओळ टाकली. बुधवारी कच्ची प्रत निघाली. धडा सातवीच्या भूगोलाचा, ‘भूजल’. ताईंनी आधी ते श्रेयांचं पान काढलं, चष्मा पुसला, वाचलं, परत वाचलं. मग मोबाइलनं फोटो काढून दीक्षाला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन आला. फोनमधून पोरगी इतकी ओरडली की खालच्या दवाखान्यातही ऐकू गेलं असेल. ताई हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, “हौ वं, खरंच आहे. छापून येणार.”

मग त्या खोका उघडून बसल्या.

आमच्या ऑफिसात एक रिवाज आहे. शेवटच्या याद्यांच्या प्रत्येक पानावर दोन्ही लेखकांची सही लागते. सही झाली की त्या पानाला हात लावायचा नाही. लावायचा असेल तर दोघांची पुन्हा सही. रीतीनं पाहिलं तर आधी ताईंनी तपासायचं, मग प्राध्यापकांनी सही करायची. पण यंदा सोमवारी शाळांना नमुना प्रती द्यायच्या होत्या, म्हणून सुमंत सरांनी आधीच सह्या घेऊन ठेवल्या. सही करणाऱ्यांनी वाचलं का? वाचलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. विद्वान माणसं सही करतात, वाचत नाहीत. वाचण्यासाठी त्यांच्याकडे विद्यार्थी असतात.

तासाभरानं ताईंनी मला हाक मारली.

“अंकुश, इकडं ये गा. ‘पाझर तलाव’ पान सात लिहिलं आहे सूचीत. सातवर काहून नाही?”

माझी चूक. साळ्याची ती तिरपी विहीर सहाव्या पानावर घुसवताना पुढचा सगळा मजकूर एक पान सरकला, आणि सूची त्याच्या आधीच तयार झाली होती. सूची ही पानं पक्की झाल्यावर करायची असते, हे मला शेंबडं पोरही सांगेल. सहानंतरच्या अकराच्या अकरा नोंदींचा आकडा एकानं कमी. मी मान खाली घातली.

“होते असं,” ताई म्हणाल्या आणि अकरा ठिकाणी लाल पेननं आकडा दुरुस्त केला. नेहमीचा ‘क्षारता’ही निघाला. शब्दार्थाच्या यादीत शेवटी, कारण ती यादी मी हातानं लावली होती. सूचीत ‘क’खाली, कारण ती कॉम्प्युटरनं लावली होती. एकाच पुस्तिकेत दोन वर्णमाला.

मग त्यांनी तिसऱ्या पानावरचं वाक्य वाचलं. “चिकणमाती सच्छिद्र असते, पण तिची पारगम्यता कमी असते.” वाक्य बरोबर आहे. चिकणमातीत बारीक बारीक पोकळ्या भरपूर, पण पाणी तिच्यातून सहजी पुढं जात नाही. आता यादीत पाहा. सच्छिद्रता म्हणजे खडकात किंवा मातीत पोकळ्या असण्याचं प्रमाण. पारगम्यता म्हणजे, खडकात किंवा मातीत पोकळ्या असण्याचं प्रमाण. ताईंनी व्याख्या ठेवून मोठ्यानं वाचलं, “चिकणमातीत पोकळ्या असतात, पण तिच्यात पोकळ्या असण्याचं प्रमाण कमी असते.” आणि माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“पोरगं काय समजन याच्यातून?”

संध्याकाळी निघाला तो खरा हिरा. सूचीत लिहिलं होतं, ‘जलधर – पाहा भूजलधारक’. ताईंनी बोट सरकवत ‘भ’वर नेलं. तिथं लिहिलं होतं, ‘भूजलधारक – पाहा जलधर’. पानाचा आकडा दोन्हीकडे नाही! पोरगं इकडून तिकडं जाणार, तिकडून इकडं येणार, आणि मेट्रो बंद होईपर्यंत फिरत राहणार.

“पाहा म्हटलं तर तिथं काही दिसलं पाहिजे ना बाप्पा,” ताई म्हणाल्या.

शब्दार्थात तर अजून वाईट. जलधर म्हणजे ज्यात पाणी साठतं आणि ज्यातून ते मिळू शकतं असा जमिनीखालचा खडकाचा किंवा वाळूचा थर. हे बरोबर. भूजलधारक म्हणजे जमिनीखाली असलेलं पाण्याचं तळं. हे साफ चूक, आणि चौथ्या पानावर धड्यातच लिहिलं आहे की जमिनीखाली तळी भरलेली असतात ही गैरसमजूत आहे. एकच वस्तू, दोन नावं, दोन व्याख्या, त्यातली एक खुद्द धड्यानं खोडून काढलेली.

हे कसं झालं ते मला माहीत होतं, कारण मी तिथं होतो. धडा दोघांनी लिहिलेला. गिरिधर सरांचा शब्द ‘जलधर’, तारा मॅडमचा ‘भूजलधारक’. दोघांचाही हट्ट, माझाच शब्द मुख्य, दुसऱ्याच्या शब्दासमोर ‘पाहा’. दोघंही शाळांच्या पुस्तक-निवड समित्यांवर. म्हणून आमच्या सुमंत सरांनी सुवर्णमध्य काढला. दोघांच्याही शब्दांसमोर ‘पाहा’ टाकलं आणि दोघांच्याही व्याख्या ठेवल्या. मला म्हणाले होते, “दोघांचाही मान राहिला ना! याला संपादन म्हणतात, अंकुश.” मी हो म्हणालो होतो. मी नेहमीच हो म्हणतो.

गुरुवारी सकाळी ताई तेवीस दुरुस्त्या केलेली प्रत घेऊन केबिनमध्ये गेल्या. मला सोबत घेतलं, कारण दुरुस्त्या किती वेळात होतील ते सांगायला कोणीतरी हवं होतं.

“अर्धा तास,” मी म्हणालो. एवढं मात्र मी म्हणालो.

सरांनी पानं चाळली. “ताई, यांच्यावर सह्या झाल्या आहेत.”

“मग पुन्हा घ्या सह्या. धड्यात ‘जलधर’ नऊदा आला, ‘भूजलधारक’ दोनदा. ‘जलधर’समोर पानं लिहा, ‘भूजलधारक’समोर पाहा जलधर. व्याख्या एकच ठेवा. झालं.”

सरांनी फोन लावला, स्पीकरवर. तारा मॅडम म्हणाल्या, करा ना दुरुस्ती, फक्त मुख्य शब्द माझा ठेवा. गिरिधर सरांना लावला. ते म्हणाले, अवश्य करा, फक्त मुख्य शब्द माझा ठेवा. सरांनी फोन ठेवला आणि जग जिंकल्यासारखे आमच्याकडे पाहत राहिले.

“पाहिलं? आता आहे ते सगळ्यांना मान्य आहे. कशाला डोक्याला ताप?”

“निदान पानांचे आकडे तरी,” ताई म्हणाल्या. “त्यात कोणाचा मान जाते?”

“त्याच पानावर आहेत ना ते. पानाला हात लावला की सही आली. सही आली की हे दोघं पुन्हा भांडणार. सोमवारी प्रती द्यायच्या आहेत. पुढच्या आवृत्तीत पाहू.”

“आणि यंदाची पोरं?”

“अहो ताई, सूची कोण पाहतं!”

ज्या बाईनं अकरा वर्षं फक्त सूची पाहिली तिच्या तोंडावर हा माणूस हे म्हणाला. मला त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याच्या टकलावर ठेवावासा वाटला. ठेवला नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिलो.

ताई म्हणाल्या, “माझी नात हीच पुस्तिका वाचणार आहे, सर. तिले सूची पाहायची मी सवय लावली. ती ‘जलधर’ शोधन, मंग ‘भूजलधारक’ शोधन, मंग परत. आणि आतल्या पानावर लिहिलं राहीन की हे तिच्या आजीनं तपासलं.”

“बरं दिसतं ना नाव! तुम्हीच तर मागितलं होतं.”

“हौ, मीच मागितलं होतं. एक तर हे दुरुस्त करा, नाही तर माझं नाव काढा.”

सर पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. मला एक क्षण वाटलं, आता लाजेल हा माणूस. कसलं काय! त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

“जशी तुमची मर्जी, ताई. आमची काही जबरदस्ती नाही.”

ताईंनी तिथंच, उभ्या उभ्या, श्रेयांचं पान काढलं. लाल पेननं आपल्या नावावर आडवी काट मारली, समासात ‘काढावे’ लिहिलं आणि नेहमीसारखा त्याच्यापुढे गोल करून आकडा घातला, चोवीस. अक्षर सुरेख होतं. मग म्हणाल्या, “दीक्षाले काय सांगू ते मले समजत नाही,” आणि डोळ्याला ओढणी लावून बाहेर आल्या.

सरांनी सगळी प्रत तपासून माझ्याकडे पाठवली. तेवीस दुरुस्त्यांवर शिसपेन्सिलीनं ‘नको’. चोविसावीवर टिक. श्रेयांच्या पानावर प्राध्यापकांची सही लागत नाही, तिथं बदल करता येतो.

मी फाइल उघडली. आकडे बदलायला, ‘क्षारता’ खाली न्यायला, ‘पाहा’ काढायला मला कोण अडवणार होतं? सर फाइल उघडून पाहत नाहीत, प्राध्यापक छापलेलं पाहत नाहीत. कोणालाच वर्षभर कळलं नसतं. माझा हात माउसवर होता. पण उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं, नोकरी गेली तर काय, मुलीची ॲडमिशन आहे, हे सगळं मी स्वतःला इतक्या हुशारीनं समजावलं की सुमंत सरांनाही जमलं नसतं. मी प्रेमिलाताईंची ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. खालची ओळ आपोआप वर सरकली. साळ्यांचे विशेष आभार एक ओळ वर आले.

ताई शेजारी कार्डं खोक्यात भरत होत्या.

“आकडे केले का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“पाहा?”

“नाही, ताई.”

“आणि नाव?”

“काढलं.”

त्यांनी मान हलवली. “चला, चोविसातली एक तर झाली,” असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. कोणी बोलावलंही नाही. सुमंत सरांच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.

सोमवारी प्रती गेल्या, चाळीस शाळांनी पुस्तिका लावली. दीक्षाच्या शाळेनंही. त्या पोरीला वर्गात आता काय म्हणत असतील ते मी विचारायला गेलो नाही, मला तेवढं धैर्य नाही. पुस्तिका माझ्या टेबलावर आहे. आतल्या पानावर तिसऱ्या ओळीत छापलं आहे, मांडणी, अंकुश. ते काढा म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही.